चेहरा नसलेला फोटो

रोह्याच्या पोलीस ठाण्याबाहेर ती बाई माझा हात धरून म्हणाली, "नाव नको घालूस गो. पोर शाळंत जाते माजी." तिच्या तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला होता आणि मी बातमी करायला आले होते. मी म्हटलं, "नाय घालणार. कायद्यानेच घालता येत नाय." स्वतःवर खूश होऊन म्हटलं.

मुलीचं नाव, गाव, शाळा, काहीच लिहिलं नाही. पण पेणच्या कार्यालयाला फोटो हवाच असतो. ठाण्यात शिरणाऱ्या आईचा फोटो काढला, तिचा चेहरा धूसर केला आणि पाठवून दिला. असे फोटो मी किती वर्षं पाठवतेय, कुणी कधी हटकलं नव्हतं.

परतताना कोलाडला चहाला थांबले. आमच्या वेबसाइटवर बातमी चढली होती, तीच बघत होते. चहावाल्या बाईने कप ठेवताना मोबाइलवर नजर टाकली.

"ही आमच्याकडं भांडी घासते ती ना? ते लाल ठिगळ मीच दिलेलं लावायला."

मी फोटो मोठा करून पाहिला. पिवळी साडी, पदरावर हे एवढं लाल ठिगळ. चेहरा मी पुसला होता आणि बाकी सगळी बाई तशीच ठेवली होती! आई ओळखली की मुलगी ओळखू येणारच, मग वर्गात, वाटेवर तिच्याकडे बोटं दाखवणार. म्हणून तर कायदा घरच्यांचीही ओळख उघड करू देत नाही. हे मी चारचौघांत शिकवत असते.

"नाय हो, दुसरी कुणीतरी हाय," मी खोटं बोलले आणि मोबाइल उलटा ठेवला.

पेणला फोन लावला. उपसंपादक म्हणाले, "अगं, चेहरा ब्लर आहे की!" मी रस्त्यात उभी राहून ओरडले, "साडी नाही ना ब्लर!" छापायच्या पानावरून फोटो लगेच निघाला. वेबसाइटवरून निघायला वीस मिनिटं लागली. मी दर मिनिटाला बघत होते. इतकी भीती मला दंगलीतही वाटली नव्हती.

नंतर महिनाभर त्या मायलेकींच्या वाडीकडे फिरकले नाही. माझी स्कूटी सगळ्यांच्या ओळखीची, ती त्यांच्या दारात उभी राहिली असती तर वेगळी बातमी द्यायची गरजच नव्हती. मुलगी शाळेत जाते का, एवढंच कळायला हवं होतं, आणि ते कुणाला विचारायची सोय नव्हती.

मग एकदा रोह्याच्या बाजारात ती आई समोरून आली. बरोबर वाडीतल्या दोघी होत्या. तिने ओळख दाखवली नाही. त्या दोघी पुढे गेल्यावर माझ्याशेजारी टोमॅटो निवडत, वर न बघता हळूच म्हणाली, "जाते गो शाळंत. ती साडी मी चुलीत घातली."