आयचं कपाळ

आमच्या घरातल्या बायकांचं कपाळ मोठं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आयचं तर एवढं की कुंकू लावूनही वर मैदान उरतं, असं बाजारातल्या बाया चिडवायच्या. आय कधी चिडली नाही. मोठं कपाळ म्हणजे मोठं नशीब, असं ती उलट ठणकावून सांगायची. त्या नशिबाने आमच्या घरात पाऊल कधी ठेवलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण कपाळाचा अभिमान मात्र मलाही होता.

धाकट्या डहाणूत आमचा मासळीचा धंदा. मी खाडीकाठी बोंबील सुकत घालते, आणि मासळी जास्त आली की आयबरोबर पाटी डोक्यावर घेऊन सरावली, आशागड अशा गावांत विकायला जायचे. पाटी घ्यायची तर अंबाडा घट्ट हवा, ढिल्या केसांवर पाटीखालची कापडाची चुंबळ सरकते. म्हणून आय सकाळी मला पुढ्यात बसवायची, तेल चोपडायची आणि केस असे खेचायची की माझ्या भुवया वर चढायच्या. त्यावर फडकं, तेही करकचून.

"दुकतंय म्हंजे नीट बसलाय," ती म्हणायची.

संध्याकाळी अंबाडा सोडला की डोकं ठणकायचं. केसांच्या मुळांना बोट लावलं तरी कळ यायची. मग कानशिलांवर बारीक पुटकुळ्या आल्या. मी म्हटलं, घामोळं असेल. पुटकुळ्या जायच्या, पुन्हा यायच्या. कानांच्या वर आखूड, तुटके केस उभे राहू लागले, ते कशातच बांधले जाईनात. मी त्यांना आणखी तेल लावून चापून बसवलं आणि फडकं आणखी घट्ट केलं.

एकदा कुणीतरी मोबाइलवर माझा बाजूने फोटो काढला. डाव्या कानशिलावर ऊन चकाकत होतं, जिथे केस असायला हवे होते तिथे. मी फोटो आयला दाखवला, तर तिचा चेहरा खुलला.

"आलं गो! आमचं कपाळ आलं तुला!"

शेजारणीला हाक मारून तिने ते सांगितलंही. दोघी कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्या दोघींची भीती वाटत होती. त्या रात्री मी आयच्या कपाळाकडे नीट बघितलं. गुळगुळीत, तुकतुकीत, घासून ठेवलेल्या ताटासारखं. मला तिथे माझं तोंड दिसायला लागलं.

डहाणू रोडला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा आयही आली, डॉक्टर मला काय खुळं भरवतात ते बघायला. डॉक्टरांनी आधी विचारलं, केस कसे बांधतेस. आयने मोठ्या हौसेने हाताने खेचून दाखवलं. मग डॉक्टरांनी भिंग लावून माझी कानशिलं तपासली.

"ओढ बसून केस गेलेत," त्या म्हणाल्या. "पण केसांची छिद्रं अजून दिसतायत, मुळं जिवंत आहेत. ओढ आजच थांबली तर येतील. महिने लागतील. नाही थांबली तर मुळांच्या जागी व्रण होतो, मग कुठल्याही औषधाने येत नाहीत."

"आमच्यात जन्माचंच आहे ते," आय मध्येच म्हणाली आणि फडकं मागे सारलं. "हे बगा."

डॉक्टर पुढे वाकल्या. आयच्या कपाळावर, खूप खाली, बारीक केसांची एक विरळ ओळ आहे. अंबाड्यात कधी न सापडलेली. डॉक्टरांनी त्या ओळीवर हलकेच बोट ठेवलं.

"तुमच्या केसांचा काठ इथे होता, मावशी. जन्माचं कपाळ इथपर्यंतच." मग भिंगातून त्यांनी वरची त्वचा बघितली, कितीतरी वेळ. "इथे आता छिद्रंच उरली नाहीत. हे नाही येणार."

आय हसली. "माजं काय आता, म्हातारीचं! पोरीचं बगा." परतताना रिक्षात आयची आय, तिच्या बहिणी, सगळ्यांची कपाळं मी मनात मोजत बसले, आणि त्यांचे करकचून बांधलेले अंबाडेही.

दुसऱ्या दिवसापासून मी मानेवर सैल वेणी घातली, दिलेलं औषध लावलं आणि पाटी सोडली. आयनेही अंबाडा सोडला. मासळी टपात भरून रिक्षाने नेऊ लागली. बाया हसल्या तरी तिने मनावर घेतलं नाही. माझ्यासाठी करते असं मला वाटलं, आणि तिची मला फार माया आली.

कित्येक महिन्यांनी एका सकाळी कानशिलावर बोटाला खरखर लागली. मी ओरडलेच. आय हातातले बोंबील टाकून धावत आली, माझं डोकं उजेडात धरलं, ते कोवळे केस पुन्हा पुन्हा चाचपले. तिचे डोळे भरले. मग तिने तेच बोट स्वतःच्या कपाळावरून सावकाश फिरवलं.

"मीबी तुज्याच दिवशी सोडला व्हता अंबाडा," ती म्हणाली. "माजे कवा येतील गो?"

डॉक्टर बोलल्या तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "बघू."