अठरा पोत्यांचा हिशेब

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मी सोलापूरला आलो, त्या उन्हाळ्यात माझ्या एका गणितामुळे माझे वडील जवळजवळ चोर ठरले होते. ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते गवंडी. त्या वर्षी वैरागच्या रस्त्याला एका नव्या जिनिंग कारखान्याच्या आवारात त्यांना काम मिळालं होतं. कापसाचे ढीग उघड्यावर पडणार आणि आजूबाजूला शेरडं-मेंढरं मोप, म्हणून आवाराला काटेरी तारेचं कुंपण घालायचं होतं. एकशेवीस सागवानी खांब, प्रत्येक चार इंच चौरस, अडीच फूट जमिनीत आणि भोवती काँक्रीट. आबा मिस्त्री होते. खड्डे खणायला अक्कलकोटकडचा एक म्हातारा आणि त्याची बायको होती. तो पहारीनं माती सोडवायचा आणि ती पालथी पडून, हात खड्ड्यात घालून करवंटीनं माती वर काढायची.

मी जेवण घेऊन गेलो तेव्हा ओव्हरसियरसाहेबांनी मला हाक मारली. मी पुण्याला शिकतो हे त्यांना कळलं होतं.

"तुमचं गणित कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हणालो.

त्यांनी नकाशा पुढे केला. खड्डा नऊ इंच व्यासाचा, तीस इंच खोल. मी आनंदानं हिशेब मांडला. नवाचा वर्ग एक्क्याऐंशी, त्याला अकरा चौदांशाने गुणलं की साडेत्रेसष्ट चौरस इंच. त्यातून खांबाची जागा सोळा वजा केली, उरले साडेसत्तेचाळीस. तीस इंच खोलीनं गुणून घनफूट केले तर एका खांबाला एक घनफूटही लागत नव्हतं, जेमतेम एकाचे पाच षष्ठांश. एकशेवीस खांबांचं मिळून सुमारे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. सिमेंट, वाळू, खडी एक-दोन-चार प्रमाणात कालवली की सिमेंटच्या एका पोत्यात साडेपाच घनफूट काँक्रीट निघतं, असं साहेब म्हणाले. म्हणजे अठरा पोती. त्यांनी वीस मागवली. दोन जास्त आलीत म्हणून मला उगीच समाधान वाटलं.

आबा बाजूला उभे राहून हे ऐकत होते. काही बोलले नाहीत. तेव्हा मला ते साधं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी साठ खांब उभे झाले आणि गोदामात दीड पोतं उरलं.

साहेबांनी मला परत बोलावलं. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"तुमच्या हिशेबानं साठ खांबांना नऊ पोती लागायला हवीत. साडेअठरा गेली. आता सांगा, मिस्त्री, खांब सिमेंट पितात का?"

"माल जेवढा बसला तेवढाच घातलाय, सायेब," आबा म्हणाले.

"रिकामी पोती दाखवता ना?"

"हायेत की अठरा, मोजून घ्या."

"पोतं कुठंही रिकामं करता येतं."

आबांची मान खाली गेली. साहेबांनी मुदतीचा वार सांगितला. दोन दिवसांत हिशेब लागला नाही तर आबांना कामावरून काढायचं, आणि का काढलं ते सगळ्या कंत्राटदारांना कळवायचं. सोलापुरात गवंड्याबद्दल एकदा असं बोललं गेलं की त्याच्या हातात परत थापी पडत नाही. ते सांगण्याची कुणाला गरज नव्हती.

माझं मन कुठे गेलं हे लिहायला लाज वाटते. मला आबांचा राग आला नाही, साहेबांचाही नाही. मला माझ्या गणिताबद्दल शंका आली नाही. आठवड्यापूर्वी आमच्या घरात पाण्याच्या हंड्याखालचा ओटा नव्यानं गुळगुळीत झालेला मी पाहिला होता. करड्या रंगाचा. मी आईला विचारलं होतं, हे कुठलं?

"घमेलं धुताना निघाल्यालं सिमिट घरी आनलं, त्यानं ह्यांनी सारवलं," आई म्हणाली होती.

तेव्हा मी मान डोलावली होती. आता त्या ओट्याकडे बघताना मला वाटायचं, ओंजळभर आलं, तर पोतंही आलं असेल. मग वाटायचं, आमच्या घरात पोतं ठेवायला जागा कुठाय? मग वाटायचं, विकलं असेल. मला पुण्याला पाठवायला काय विकलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री आबा समोर बसून जेवत होते आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. नखांत सिमेंट अडकलेलं. तेही मला पुराव्यासारखं दिसलं.

सरळ विचारण्याचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी मदतीच्या निमित्तानं कामावर गेलो आणि मनात घमेली मोजायला लागलो. घमेल्यात साधारण एक तृतीयांश घनफूट माल मावतो. म्हणजे खांबाला अडीच घमेली. अडीच झाली, तिसरं पडलं. चौथं पडलं. पाचवं पडल्यावर खड्डा जमिनीबरोबर आला. आबांनी खांबाला ओळंबा लावला आणि म्हणाले, "मोजून झालं का?"

मी पाच बोटं दाखवली.

"मग दुसऱ्याचं मोज. घमेली कशी कमी पडत्यात ते तुजं तुला दिसंल."

म्हातारी पुढच्या खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घालून पडली होती. ती म्हणाली, "पोरा, नुसता उभा ऱ्हाऊ नगंस. जरा माजी करवंटी धर."

मी गुडघ्यावर बसलो. ती उठली आणि करवंटी माझ्या हातात दिली. मी हात खाली सोडला. तळापर्यंत पोचला. माती भरली, पण मनगट वळवून कोपर दुमडायला जागा हवी, नाहीतर करवंटी उलटून माती परत खाली. दोनदा तसं झालं. म्हातारी हसली.

"आन् खड्डा तर पाटलाच्या वाड्याएवढा खनलाय."

म्हणजे मला हात वळवायला जागा मिळत होती, तरी कमी पडत होती. मी वीत टाकून तोंड मोजलं. माझी वीत बरोबर नऊ इंच आहे, शाळेत पट्टीवर मोजलेली. एक वीत, आणि वर चार बोटं. चार बोटं म्हणजे तीन इंच. मी दुसरा खड्डा मोजला. तिसरा. सगळीकडे वीत आणि चार बोटं, मुरमात कुठं बोटभर जास्त.

तिथंच मातीत मी बोटानं लिहिलं. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. अकरा चौदांशानं एकशे तेरा. खांबाचे सोळा वजा, सत्त्याण्णव. पूर्वी साडेसत्तेचाळीस होते. रुंदी तीन इंचांनी वाढली, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यानं. पण काँक्रीट दुपटीनं वाढलं, कारण वाढलेली सगळी जागा मालानं भरायची होती, आणि खांब मात्र तेवढाच सोळा. साठ खांबांना एकशेएक घनफूट. अठरा पोती आणि थोडं वर.

मी धावतच साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"काल गणित एक सांगत होतं. आज बापावर आलं तसं गणित दुसरं सांगतं."

खरं तर त्यांची शंका मला रास्तच वाटली. मीसुद्धा तीच केली असती.

"उघडे खड्डे आज रुंद करता येतात," ते म्हणाले. "पुरलेल्या खांबांचे खड्डे नऊ इंचांचेच असतील. आतमध्ये काय आहे कुणी बघितलंय?"

आबा मागून आले होते. त्यांनी टोपी सारखी केली.

"बघा की मग. तुमी म्हनाल तो खांब काढू. तुमीच दावा."

साहेब उठले. ओळीनं चालत गेले. सगळ्यात जुना, कोपऱ्याजवळचा एक खांब त्यांनी काठीनं दाखवला. म्हाताऱ्यानं एका बाजूनं जमीन उकरायला सुरुवात केली. दोन-तीनदा त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच हे त्याच्यामागे लावलंय. लावलंच होतं.

मी उभा होतो आणि मनात एक वाईट गोष्ट येत होती. वर बारा इंच असेल, पण खाली? आबांनी वरचा माल दाबून बसवला आणि तळाला माती ढकलली असेल तर? पाच घमेली माझ्यासमोर पडली, हे खरं. माझ्या माघारी किती पडली? हा विचार मनात येऊ नये म्हणून मी फार प्रयत्न केला.

तळापर्यंत गोळा उघडा पडला. करडा, एकसारखा, मुरमाच्या खडबडीत कडा अंगावर घेतलेला. साहेबांनी स्वतः टेप लावला. वर बारा, मधे बारा, तळाला साडेअकरा. तीस इंच खोल, एका बोटाचीही कसर नाही.

साहेबांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला.

"नऊ इंच नकाशात लिहिलंय. मोठा कुणी खणायला सांगितला?"

म्हातारा पहारीवर टेकला. "सायेब, नऊ इंचात माज्या बाईचा हात जाईल की. पर माती घिऊन वर कसा येईल?"

साहेबांनी कोट काढला, बाही गुंडाळली, आणि करवंटी घेऊन एका खड्ड्यात हात घातला. दोन ओंजळी माती वर काढली. मग उठले, हात झाडला.

"हे मला आधी का सांगितलं नाही?" त्यांनी आबांना विचारलं.

"मला वाटलं, तुमाला ठावं असंल. तुमचा नकाशा, तुमच्याकडचा शिकल्याला पोरगा. मी मधी काय बोलू?"

शिकलेला पोरगा म्हणजे मी. हे ते माझ्याकडे न बघता बोलले.

साहेबांनी माफी मागितली नाही. त्यांनी पुढच्या साठ खांबांसाठी सतरा पोती मागवली. आबांना कामावर ठेवलं, आणि त्या दिवसानंतर दर दोन दिवसांनी एक खांब काठीनं ठोकून बघत राहिले.

घरी येताना आबांनी मला विचारलं, "तुला कुठवर वाटलं व्हतं, मी चोरलं म्हनून?"

मी खोटं बोलणार होतो. पण म्हणालो, "तळ दिसेपर्यंत."

त्यांनी थापी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "व्हय. तुज्या तोंडावर मला तेच दिसलं व्हतं."

उरलेले दिवस मी रोज कामावर जात होतो. आबा माल कालवून ठेवायचे, घमेलं उचलायचे आणि खड्ड्याजवळ थांबायचे. माल ओतायचे नाहीत. माझ्याकडे बघून म्हणायचे, "आदी मोज." मी टेप लावायचो, आकडा मोठ्यानं सांगायचो, आणि मगच ते ओतायचे. साहेब जवळ असोत वा नसोत. शेवटच्या खांबापर्यंत त्यांनी असंच केलं.