बाबांच्या दिवसात मावेल तेवढंच

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबा सावंगीच्या दवाखान्यातून घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी कामांची यादी सांगू लागले. सिंदीत कापडाचं दुकान चालवताना रोज करायचे तशीच: आंघोळ, दाढी, दुकान, बाजार, संध्याकाळी केळझरचा गणपती. ते सांगायचे, मी लिहायची. आंघोळ होऊन शर्टाची बटणं लागेपर्यंतच दुपार व्हायची. संध्याकाळी ते कागद चुरगाळायचे आणि मीही त्यांच्यावर चिडायची.

एका रविवारी मी घड्याळ घेऊन बसले. आंघोळीला तास लागला, बटणांना अर्धा तास, आणि प्रत्येक कामानंतर तेवढाच वेळ आडवं पडणं. तसं मांडलं तर दिवसात चारच कामं मावत होती; तेवढीच लिहिली, प्रत्येकापुढे आराम. शेवटचं होतं अंगणाच्या फाटकापर्यंत चालणं.

“आराम काऊन लिहिला? ते काय काम हाय?” बाबांनी विचारलं.

“वेळ तर त्यालेही लागते, बाबा.”

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच यादीतलं सगळं झालं. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी आदल्या दिवशीचा चुरगाळलेला कागद मागितला, चालत्या हातानं सरळ केला आणि माझ्याकडे दिला.

“हे झटक्याआधीच्या दुकानवाल्याची यादी होती,” ते म्हणाले. “तो आता येत नाई. उद्याही फाटकापर्यंतच लिहिजो.”