सुतकात पाठवलेला मेल

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, सुतक फिटलं नव्हतं, तेवढ्यात नोकरभरती बघणाऱ्या बाईंचा निरोप आला. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, खरेदी विभागात जागा आहे, रेझ्युमे आजच मेल करा. मी लॅपटॉप उघडला.

"सुतकात नवं काय धरू नये गं. बारावं तरी होऊ दे," आत्या म्हणाली. आप्पांनी अंथरूण धरलं तेव्हा हीच म्हणाली होती, "सोड नोकरी. पुन्हा मिळंल की."

मी इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. कास्टिंगच्या कारखान्यात मी खरेदीचं काम केलं आहे. पुरवठादारांशी कन्नड, मराठी आणि इंग्रजीतून व्यवहार करू शकते. गेली दोन वर्षं आजारी वडिलांची शुश्रूषा केली, आता लगेच रुजू होऊ शकते.

माझा भाऊ, अण्णा, मागं उभा राहून वाचत होता. "शुश्रूषा कशाला लिहितीस? कोर्स केला म्हण की."

"बेडपॅन धुवायचा कोर्स, अण्णा? तू न्हाय केलास."

आत्या पुटपुटली, "लोक काय म्हणतील?"

"आप्पांना बघायला लोक एकदा तरी आलते काय?"

तिसरं वाक्य मी तसंच ठेवलं, रेझ्युमे जोडला आणि मेल पाठवून दिला.