गुलाबाच्या कळ्या आणि न उतरणारा आकडा

मावशींच्या वहीवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

तळेगावातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही पाच जण होतो. मावळातल्या एका गुलाबाच्या पॉलिहाउसचं काम आमच्याकडे आलं होतं. तिथे फुलं काढली की कळी किती उघडलीय ते बघून तीन ढीग करतात. घट्ट कळ्या लांबच्या प्रवासाला जातात, अर्ध्या उघडलेल्या पुण्या-मुंबईच्या बाजारात, आणि पुरत्या फुललेल्या हारवाल्यांकडे. फोटो बघून संगणकाला ही निवड जमेल का, एवढाच प्रश्न होता. ही निवड शिकणारा प्रोग्राम, म्हणजे मॉडेल, बनवायचं काम माझ्याकडे आलं.

फोटोंची उत्तरं मात्र मावशींची. आंदर मावळातून रोज सकाळी जीपने त्या पॅकिंग हॉलला यायच्या आणि गेली कित्येक वर्षं हीच निवड करत होत्या. एकेक फूल कॅमेऱ्याखाली ठेवून फोटो काढला जाई, आणि मावशी वहीत त्या क्रमांकापुढे एक अक्षर लिहीत: घट्टला घ, अर्धीला अ, फुललेलीला फ. वहीच्या पानांचे फोटो मागवून मी ऑफिसात बसून ती संगणकात उतरवून घेतली.

मॉडेल शिकायला लागलं की प्रत्येक फेरीला एक आकडा छापून येतो. त्याचा अंदाज खऱ्या उत्तरापासून किती चुकला, हे तो आकडा सांगतो. आम्ही त्याला लॉस म्हणतो. शिकणं नीट चाललं असेल तर तो उतरत जातो. माझा एक पूर्णांक एकच्या आसपास घुटमळत होता. तीनपैकी कुठलं, हे काहीच न बघता ठरवलं तरी साधारण तेवढाच येतो. म्हणजे शेकडो गुलाब बघूनही मॉडेलला काही कळलं नव्हतं.

मी शिकण्याचा वेग कमी केला, वाढवला, फोटो मोठे केले, लहान केले. आठवडा गेला. मग मी आमच्या सरांना सांगितलं, "सर, फोटोंना दिलेली लेबलंच चुकीची आहेत. त्या मावशी अंदाजपंचे लिहीत असणार. दुसरं कोणीतरी शिकलेलं माणूस द्या."

सरांनी मान वर न करताच विचारलं, "तू त्यांना भेटलीस?"

"नाही."

"मग आधी भेट."

दुसऱ्या दिवशी कान्हे स्टेशनला लोकलमधून उतरले आणि शेअर रिक्षाने पॉलिहाउसला गेले. पॅकिंग हॉल थंडगार होता. मावशी स्वेटर आणि स्कार्फ घालून लांब टेबलापाशी उभ्या होत्या, हात थांबत नव्हते. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "मावशी, हे फोटो दाखवते. कुठली कळी ते सांगाल का?"

"दाखीव की."

मी उत्तरं झाकून फोटो दाखवायला लागले. "घट्ट. घट्ट. अर्धी. ही फुललीया. घट्ट." एकाही फोटोवर त्या दोन क्षणांपेक्षा जास्त थांबल्या नाहीत. वीस झाले तेव्हा मी माझ्या फाइलशी ताडून बघितलं. सात-आठच जुळले.

"मावशी, या बाराव्याला तुम्ही आत्ता फुललेली म्हणालात. तेव्हा घट्ट लिहिलंय."

त्या पहिल्यांदा थांबल्या. पडद्याकडे वाकून बघितलं. "हे मी न्हाई लिवलं."

"तुमच्याच वहीतून घेतलंय."

"वही हितंच हाय." त्यांनी टेबलाखालच्या खणातून वही काढून माझ्यापुढे ठेवली. "बघ तूच."

बारा, त्यापुढे फ. माझ्या फाइलमध्ये बाराव्या फोटोपुढे घ. तेरावा, चौदावा, तीच गत. मावशींची आताची उत्तरं वहीशी एक सोडून सगळी जुळत होती. जुळत नव्हती ती माझी फाइल.

मी तिथेच स्टुलावर बसून प्रोग्राम उघडला, आणि पाच मिनिटांत चूक सापडली. फोटोंची नावं नुसते आकडे होते. संगणकाने ती नावं शब्दकोशातल्या शब्दांसारखी, पहिला अंक बघून लावली होती: एकानंतर दोन नाही, तर दहा, मग शंभर, मग एकशे एक. वहीतली यादी मात्र सरळ एक, दोन, तीन अशी. दोन्ही याद्या मी ओळीने एकमेकींना चिकटवल्या होत्या. पहिला फोटो तपासला होता, तो बरोबर निघाला, म्हणून पुढचे बघितलेच नाहीत.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुमचं सगळं बरोबर होतं. मी ऑफिसात तुमच्याबद्दल वाईट बोलले."

"काय बोललीस?"

"अंदाजाने लिहिता म्हणून."

त्यांनी हातातली जुडी बांधली. पुढची जुडी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "लय मन लावून लिवलंय ते. पाठ धरली व्हती माझी."

परतीच्या गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. ऑफिसात पोचले, फोटो आणि उत्तरं नावानुसार जोडली, पन्नास फोटो एकेक करून डोळ्यांनी तपासले आणि मॉडेल सुरू केलं. लॉस पहिल्यांदाच भराभर उतरला. मी खुर्चीतून उठून सरांना हाक मारली. ते येईपर्यंत तो पुन्हा चढला होता. एकाच्या वर, दोनाच्या वर, मग थोडा खाली, परत वर.

खरं सांगायचं तर तेव्हाही मनात पहिल्यांदा वहीच आली. जुन्या सवयीसारखी. पण वही मी पाहिली होती. आता दोष द्यायला माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं.

सर म्हणाले, "फक्त दहा फोटो दे त्याला. दहा फोटो तर नुसते पाठ व्हायला हवेत. तेही होत नसतील तर फोटोंचा संबंध नाही, शिकवण्यात खोट आहे."

दहा फोटोही पाठ झाले नाहीत. मग प्रत्येक पायरीला ग्रेडियंट किती मोठा आहे ते छापून घेतलं. लॉस कमी करायला मॉडेलने कुठल्या दिशेला किती सरकायचं, हे ग्रेडियंट सांगतो. तो पायरीगणिक फुगत चालला होता. ते बघताक्षणी मला उत्तर कळलं.

मी वापरत होते ते पायटॉर्च हे सॉफ्टवेअर जुना ग्रेडियंट आपणहून पुसत नाही. नवा आला की त्यात मिळवतं. पुसायची ओळ आपण लिहायची असते: optimizer.zero_grad(). मी ती लिहिलीही होती. पण सुरुवातीला लॅपटॉपची मेमरी पुरत नव्हती, म्हणून फोटोंच्या चार तुकड्यांचा ग्रेडियंट मुद्दाम साठवून मगच एक पाऊल टाकायचं, अशी सोय केली होती. उत्तरं नीट जोडून झाल्यावर ऑफिसचं मोठं मशीन मिळालं. ती सोय काढून टाकली आणि तिच्याबरोबर पुसायची ओळही गेली. तेव्हापासून मॉडेल प्रत्येक पावलाला आधीच्या सगळ्या पावलांचं ओझं घेऊन सरकत होतं. योग्य जागा आली तरी थांबता येत नव्हतं, पलीकडे निघून जात होतं.

ती ओळ परत घातली. दहा फोटो बघता बघता पाठ झाले. मग सगळे फोटो दिले आणि लॉस सावकाश, न अडखळता उतरत गेला. या वेळी मी कुणाला हाक मारली नाही. शेवटची फेरी संपेपर्यंत नुसती बघत बसले.

दोन आठवड्यांनी पुन्हा पॅकिंग हॉलला गेले. मॉडेलला न दाखवलेले, पण मावशींनी वहीत नोंदलेले नवे फोटो घेऊन त्याचे अंदाज मावशींना दाखवले. त्या स्कार्फ सारून बघत होत्या.

"आता चुकतंय का तुजं मशीन?"

"चुकतं की. घट्ट आणि अर्धीच्या मधल्या कळ्यांवर."

"दाखीव."

मी चुकलेले फोटो एकापाठोपाठ एक उघडले. दुसऱ्याच फोटोवर मावशी बराच वेळ थांबल्या.

"हिला मी बी दोनदा उचलून बघितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "सकाळी घट्ट व्हती. पेटी भरस्तवर उघडाय लागली."

मी वहीत त्या क्रमांकापुढे बघितलं. अ लिहिलेला होता, आणि त्याच्याखाली खोडलेला घ.