विहिरी पाणी, केळी छाया

मुलांनो, अक्काचं गाणं तुम्ही माझ्या फोनवर ऐकून टाइप केलंत, तर संगणकानं ‘विहिरी’, ‘शे’ आणि ‘तिची’ या तीन शब्दांखाली लाल रेघ ओढली. ‘आजी, या चुका आहेत का?’ असं तुम्ही विचारलंत. तशीच लाल रेघ एकदा मीही ओढली होती, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. चोपड्याला केळीच्या बागेजवळ राहायची. दृष्टी मंदावत चालली होती आणि आईवर रचलेलं आपलं गाणं छापलेलं पाहावं, एवढीच तिची इच्छा होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, टापटिपीची. जळगावला बसून गाणं शुद्ध केलं आणि तिला वाचून दाखवायला गेले.

दुपार होती. बागेतून ओलसर, हिरवा उजेड ओसरीवर येत होता. अक्का ताटात तूरडाळ निवडत होती. मी वाचलं, “विहिरीत पाणी, केळीखाली छाया. वाट आहे लांब...”

“हाई मनं गाणं नही शे,” अक्का म्हणाली. हे म्हणे तिचं गाणंच नव्हे. “छापू नको.”

“अक्का, व्याकरण...”

“मास्तरीणबाई, ताटावर बोट ठेव.”

तिनं ठेका धरला. विहिरी पाणी, केळी छाया. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. मी मनात मोजलं. आठ आणि आठ. माझ्या ‘विहिरीत’नं नऊ झाल्या नि बोट अडखळलं. शिवाय ‘घरी’, ‘दारी’ आपण म्हणतोच, तसंच ‘विहिरी’. ‘त’ गळला तरी अर्थ हलत नव्हता. ही कवीची मुभा.

‘वाट शे लांब, जीव थकेना.’ इथं तर मुभाही नको. ‘शे’ हे तिच्या बोलीतलं ‘आहे’. मी निमूट माझ्या रेघा खोडल्या.

मग आली ओळ : ‘डोईवरती तिची पदर गं’.

“अक्का, पदर तो. ‘तिचा’ म्हटलं तरी मात्रा तेवढ्याच. यमकही अडत नाही. बोलीतही पदर तोच ना?”

ठेका थांबला. अक्कानं ओळ पुन्हा पुटपुटून पाहिली.

“आधी ‘तिची सावली’ व्हतं,” ती हळूच म्हणाली. “वर छाया आली, म्हणून सावली काढली नि पदर घातला. ‘तिची’ मांगेच राहिली.” मग हसली. “इतकी वर्सं गायली, कोनी टोकलं नही! चूक मनी शे. बाकीचं जसंच्या तसं ठेव, नि छाप.”

छापलेला कागद तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. गाताना मात्र जीभ जुन्या वळणानंच जायची.

आता अक्का नाही. कागदावर ‘तिचा पदर’ आहे. माझ्या फोनमधल्या तिच्या आवाजात ‘तिची पदर’ आहे. दोन्ही मी जपून ठेवली आहेत.