चंद्रभागाबाईंचा सिग्नल

चंद्रभागाबाईंचं लक्ष कुठे असायचं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हजेरी घेता घेता खिडकीबाहेर बघत राहायच्या आणि पुढचं नाव घ्यायचंच विसरायच्या. त्या पहिलीच्या बाई, मी शेजारच्या वर्गात दुसरीची. मधली भिंत वरपर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे त्यांचा अर्धा वर्ग मीच सांभाळते असं मी चारचौघांत म्हणायचे. त्या नुसत्या हसायच्या. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमची शाळा चौकच्या पुढे, मुंबई-पुणे रस्त्याला अगदी लागून. खोपोलीकडे निघालेले ट्रक दिवसभर शाळेसमोरून जायचे आणि सकाळच्या धुक्यात त्यांचे दिवे आधी दिसायचे, ट्रक मागून. रस्त्यापलीकडे माथेरानचा डोंगर. बाई त्या डोंगराकडे बघत बसायच्या, आणि त्या वर्षी पहिलीत आलेली जयवंताही.

जयवंता डोंगरावरच जन्मली. तिचा बाप काळूराम माथेरानला दुसऱ्याचा घोडा फिरवायचा. ते काम सुटलं, साजगावच्या कारखान्यात दुसरं लागलं, आणि बिऱ्हाड खाली आलं, तेही नेमकं रस्त्याच्या पलीकडे. माथेरानला मोटार नाही. ही पोर आयुष्यभर रस्त्याच्या मधून चालली होती, लाल मातीतून, धुक्यातून, कुणाचा धक्का न लागता. खाली येऊनही ती तशीच चालायची. तिची आई भागी तिचं मनगट घट्ट धरून तिला रोज शाळेत सोडायची.

एका गुरुवारी भागी दारात उभी राहिली. सोमवारपासून तिला भातगिरणीत काम मिळालं होतं, पहाटेच निघावं लागणार होतं. काळूराम त्याच्याही आधी जायचा. पोरगी एकटीच येईल, तिला तेवढं रस्त्याचं शिकवा, असं ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसून निघून गेली. मी रस्त्यावरच्या ट्रककडे बघितलं. चंद्रभागाबाईंनी मात्र लगेच मान डोलावली, जणू कुणी त्यांना गाणं म्हणायला सांगितलं होतं.

त्याचं कारण मला माहीत होतं. बाई एकदा शिबिरासाठी मुंबईला गेल्या होत्या. तिथे त्यांनी सिग्नल पाहिला आणि तो बघत फुटपाथवरच उभ्या राहिल्या. रंग बदलायचे, गर्दी जायची, पुन्हा गर्दी जमायची, बाई तिथेच. तेव्हापासून शाळेच्या पटांगणात एक सिग्नल असावा असं त्यांच्या मनात होतं. आमच्या अख्ख्या तालुक्यात तेव्हा एकही सिग्नल नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, मुलं मोठी होऊन कुठे कुठे जातील, आपल्याला काय ठाऊक.

शुक्रवारी पटांगणात फक्कीने रस्ता आखला, त्यावर आडवे पांढरे पट्टे ओढले. पुठ्ठ्याच्या तीन चकत्या केल्या. लाल कुंकवाची, पिवळी हळदीची, हिरवी पतंगाच्या कागदाची. मोरू सिग्नल झाला. धाकलू ट्रक झाला, बाकीचे पायी चालणारे. बाईंनी समजावलं, की हे दिवे गाड्यांसाठी. गाड्यांना हिरवा असला की आपण काठावर थांबायचं. पिवळा झाला की गाड्या थांबायच्या बेतात येतात, तरी आपण हलायचं नाही. लाल झाला आणि गाड्या खरंच थांबल्या, की उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघून पट्ट्यांवरून सरळ चालायचं.

मग वर्गात त्यांनी हाताने काढलेले जोड्या लावायचे कागद वाटले. एका बाजूला तीन दिवे आणि पट्टे. दुसऱ्या बाजूला उभा ट्रक, हात बाहेर काढून वेग कमी करणारा ट्रक, धावता ट्रक आणि रस्ता ओलांडणारी माणसं. जयवंताच्या सगळ्या रेघा बरोबर होत्या. बाई खूश झाल्या, मीही भिंतीपलीकडून सुस्कारा सोडला.

पण पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा जयवंता लाल असताना निघाली आणि मधेच डोंगराकडे बघत थांबली. मोरूने हिरवी चकती वर केली. धाकलू भोंगा वाजवत सुटला. पोरगी पळाली नाही, मागे फिरली नाही. जागच्या जागी उभी राहिली आणि तळवा पुढे धरला. धाकलू तिला वळसा घालून निघून गेला. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला जवळ घेऊन विचारलं, की असं का केलंस.

"घोडा आला का हलायचं नाय, बाई. तो बगतो नं आपल्याला. मंग बाजूनं जातो."

ट्रक म्हणजे घोडा नव्हे, असं बाई म्हणाल्या. त्यावर ती म्हणाली, "त्याला पन पुढं डोळे हायत की."

तिचं खरं ठरवायला धाकलू होताच. पोराचा ट्रक पोरासारखाच वळला होता. कागदावर सगळं बरोबर होतं आणि सोमवार तोंडावर आला होता. त्या संध्याकाळी बाई डोंगराकडे न बघता घरी गेल्या. मला त्यांची काळजी वाटली.

शनिवारी सकाळी त्यांनी ट्रक बदलला. पुढे एकट्या धाकलूऐवजी जयवंता, तिच्या मागे एकमेकांचे खांदे धरलेली चार दांडगी पोरं. मागच्यांनी पळतच राहायचं, पुढचीने 'थांबा' म्हटलं की थांबायचं. आणि पट्ट्यांच्या मधोमध चंद्रभागाबाई स्वतः उभ्या राहिल्या, तळवा पुढे धरून, न हलता. मोरूने हिरवी चकती वर केली. ट्रक निघाला. जयवंताने बाईंना बघितलं, 'थांबा' म्हणून ओरडली, टाचा रोवल्या. मागची पोरं तिला घेऊन तशीच पुढे आली. बाई फक्कीत सपशेल आपटल्या.

पोर रडायला लागली. "मी बगितलं व्हतं, बाई. मी थांबत व्हते. मागचे ढकलत व्हते."

बाई तशाच बसून राहिल्या, लुगड्यावर पांढरे पट्टे घेऊन. "ट्रकचं पण तसंच असतं गं," त्या म्हणाल्या. "तो बघतो. पण त्याच्या पाठीवरचं ओझं त्याला ढकलतं." मग जयवंताने आपला कागद मागून घेतला आणि प्रत्येक ट्रकच्या मागे चार डोकी काढली.

सोमवारी धुकं होतं. आम्ही दोघी शाळेच्या बाजूला रस्त्याकाठी उभ्या होतो. तिला आणायला पलीकडे जाऊया, असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, आज मी आणीन, उद्या कोण?

जयवंता समोरच्या काठावर आली. तेवढ्यात चौकच्या बाजूने एक ट्रक आला, तिच्यासमोर हळू झाला आणि चक्क थांबला. ट्रकआड ती आम्हाला दिसेना. आणि त्या ट्रकच्या मागून एक मोटार बाजू काढून निघाली, ती भरधाव आमच्या अंगावरून जावी तशी गेली. मी डोळे मिटले.

ट्रक हलला. जयवंता काठावरच उभी होती. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. रस्ता रिकामा होता. सरळ चालत ती आमच्यापाशी आली.

"किलीनर म्हनला, ये पोरी," ती म्हणाली. "मी नाय आले. मागचे ढकलतात नं."

चंद्रभागाबाईंनी तिला उचलून घेतलं आणि तिथेच हमसून हमसून रडल्या. मी त्यांना रस्त्यापासून आत ओढलं, कारण त्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर त्या काठावर उभी राहू लागले, कुंकवाची लाल चकती हातात घेऊन.